पिशवीवरचं नाव झाकलं तरी गाव ओळखतं

*ताई, नमस्कार. आमचा घरचा कांदा-लसूण चटणीचा धंदा आहे, राजारामपुरीत छोटं दुकान आणि इन्स्टावर 11 हजार फॉलोअर्स. गावातल्याच दुसऱ्या एका चटणीवाल्यानं गेल्या आठवड्यात रील टाकली, "काही जण अजून डंकावरच कुटत बसलेत, आम्ही पुढं आलो." नाव घेतलं नाही पण डंकावर, म्हणजे मुसळाच्या कांडपावर कुटतो हे आम्हीच सगळीकडं सांगतो त्यामुळं सगळ्यांना कळलं. लोक आम्हाला टॅग करून म्हणतायत रिप्लाय द्या. माझ्या भावानं रील बनवून ठेवलीय, त्यांची पिवळी पिशवी ब्लर करून त्यातली चटणी पाण्याच्या ग्लासात टाकतो, पाणी लाल होतं, वर लिहिलंय "चटणी की रंगपंचमी?" तो म्हणतो परदेशात मोठे ब्रँड असंच एकमेकांना हाणतात आणि लोकांना ते आवडतं. पप्पा म्हणतात गप्प बसा. टाकू का?*
*चटणीवाली, राजारामपुरी, कोल्हापूर*

अगं, ती ग्लासवाली रील अजिबात टाकू नको, आधी भावाच्या फोनमधनं ड्राफ्टसकट उडव, कारण अशा गोष्टी फॉरवर्ड व्हायला कुणाची परवानगी लागत नाही. पण गप्प बसायचंही मला पटत नाही. समोरच्यानं डंकावर बोट ठेवलंय आणि डंक हीच तुमची ओळख आहे, तिथं एक उत्तर तर गेलंच पाहिजे. फक्त ते उत्तर वेगळं असायला हवं.

मी स्वतः बारा-तेरा वर्षं दुकानांच्या आणि छोट्या ब्रँडांच्या जाहिराती, पेज सांभाळायचं काम केलंय त्यामुळं भावाचं म्हणणं मला कळतं. तो ज्या परदेशी ब्रँडबद्दल बोलतोय तो बहुतेक वेंडीज असणार, अमेरिकेतली बर्गरची साखळी. ते खरंच गाजलं. पण लोकांनी फक्त शेवटचा पंच शेअर केला आणि आधी काय झालं ते कुणी बघितलंच नाही, म्हणून ते जरा सावकाश सांगते.

2017 च्या जानेवारीची गोष्ट. वेंडीजचा दावा असा की आमचं मांस ताजं असतं, कधीच गोठवलेलं नसतं. ट्विटरवर एकजण आला आणि म्हणाला, खोटं बोलताय, सगळं गोठवलेलंच असतं. वेंडीजच्या माणसानं साधं उत्तर दिलं, आम्ही 1969 ला सुरू झाल्यापासून ताजंच वापरतो. तो म्हणाला, म्हणजे काय कच्चं मांस गरम ट्रकमधनं आणता काय? तर त्यांनी उलट विचारलं, ज्या वस्तू गार ठेवायच्या पण गोठवायच्या नाहीत त्या तू कुठं ठेवतोस? आता याला उत्तर नव्हतं, तर त्यानं विषय बदलला आणि मॅकडोनाल्ड्स तुमच्यापेक्षा भारी असं काहीतरी लिहिलं. तेव्हा कुठं तो गाजलेला टोला आला, साधारण असा की तुला क्षणभर फ्रीज नावाची वस्तू विसरायला झाली म्हणून त्यांना कशाला मध्ये ओढतोस.

क्रम बघ. आधी सरळ माहिती, मग एक प्रश्न, आणि तिसऱ्या खेपेला टोला. तो टोला ज्याच्यावर उभाय ती गोष्ट खरी आहे आणि ती त्यांच्या स्वतःच्या मालाबद्दलची आहे. माणूस हसला की त्याच्या डोक्यात "यांचं मांस गोठवलेलं नसतं" एवढं राहून जातं. पुढं मॅकडोनाल्ड्सनं 2017 च्या मार्चमध्ये जाहीर केलं की आम्हीही काही बर्गरला ताजं मांस वापरणार, तर वेंडीजनं लगेच विचारलं, म्हणजे बाकीच्या बर्गरला अजून गोठवलेलंच का? परत तोच एक मुद्दा. चेष्टा वेगळी पण खुंटी तीच. आणि वेंडीज मॅकडोनाल्ड्सपेक्षा कितीतरी लहान, त्यामुळं बघणाऱ्याला वाटतं की लहान गडी मोठ्या पैलवानाला टांग मारतोय. हेच मॅकडोनाल्ड्सनं वेंडीजला केलं असतं तर लोक म्हणाले असते, एवढा मोठा होऊन पोराशी कुस्ती खेळतोय. खासबागेच्या मैदानात बसून ज्यानं जोड बघितलीय त्याला हे वेगळं सांगायला नको, वजनात फरक असला की टाळ्या कुणाला पडतात ते.

याच गोष्टीची दुसरी बाजू भावाला नक्की सांग. तो जो प्रश्न विचारणारा होता त्याच्यावर एवढे लोक तुटून पडले की काही वेळानं त्याचं अकाउंटच गायब झालं. आणि त्याच दिवसांत कुणीतरी वेंडीजला म्हटलं आम्हाला एक मीम द्या, तर पेज सांभाळणाऱ्यानं हौसेनं एका हिरव्या बेडकाचं चित्र टाकलं. ते बेडूक 2016 मध्येच अमेरिकेत द्वेष पसरवणाऱ्यांचं चिन्ह म्हणून नोंदलं गेलं होतं, त्या माणसाला माहीतच नव्हतं. घाईघाईनं काढून टाकावं लागलं. म्हणजे जोरात चाललेलं असतं, सगळे वा वा करत असतात, आणि नेमक्या त्याच वेळी हात घसरतो. टाळ्यांच्या आवाजात दुसऱ्यांदा वाचून बघायचं राहून जातं, हे मी माझ्या कामात इतक्यांदा बघितलंय की आता कुणाचं पेज अचानक गाजायला लागलं की मला आनंदाच्या आधी काळजी वाटते.

आता तुमच्या ग्लासाकडं येऊ.

भावानं त्यात काय म्हटलंय? "आमची चटणी भारी" असं नाही म्हटलं. "त्यांच्या चटणीत रंग आहे" असं म्हटलंय. खाण्याच्या मालात न चालणारा रंग घालणं हा गुन्हा आहे, म्हणजे तुम्ही एका माणसावर गुन्ह्याचा आरोप करताय आणि वर हसायची स्मायली लावताय. चेष्टा म्हणून सुटका होणार नाही त्यातनं.

आणि पुरावा काय, तर पाणी लाल झालं. अगं, एक काम कर, आजच रात्री स्वयंपाकघरात तुमची स्वतःची चटणी एक चमचा घे आणि तसल्याच ग्लासात टाक. बघ काय होतंय. कांदा तळलेला, मिरच्या तेलावर परतलेल्या, म्हणजे चटणीत तेल आहेच, ते लाल तवंग होऊन वर येणार. मिरचीचे बारीक कण पाण्यात तरंगणार, ढवळलं की सगळं पाणी तांबूस दिसणार. तुमच्या चटणीचंही तेच होणार, कारण ती मिरची आहे. मिरचीचा मूळ लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात विरघळत नाही, म्हणून घरच्या घरी शंका बघायची जी पद्धत सांगतात ती अशी की साधी मिरची पूड, चटणी नव्हे, ग्लासातल्या पाण्यावर नुसती भुरभुरायची, ढवळायचं नाही, आणि रंगाच्या रेघा सरसर खाली उतरायला लागल्या तर पाण्यात विरघळणारा बाहेरचा रंग असायची शंका घ्यायची. शंकाच फक्त. खात्री लॅबमध्ये होते. तेलात विरघळणारा रंग असेल तर तो या ग्लासात दिसतच नाही. आता कल्पना कर, तुम्ही रील टाकली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या एखाद्या कस्टमरनं तुमची पिशवी घेऊन तोच प्रयोग कॅमेऱ्यासमोर केला. पाणी लाल. मग काय सांगणार?

तुम्हाला खरंच वाटत असेल की तिकडं रंग घालतात, तर त्याला जागा आहे, अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करा, ते सॅम्पल घेतील, तपासतील. ते गंभीर काम आहे आणि ते गंभीरपणेच करायचं असतं. आणि तसं वाटत नसेल, नुसता राग आलाय म्हणून रील केली असेल (मला हेच वाटतंय), तर मग तो आरोप मनातल्या मनातसुद्धा करू नको.

नाव ब्लर केलंय ना, असं भाऊ म्हणेल. यावर एक जुना खटला आहे तो त्याला सांग. कपड्यांच्या निळीचा. उजालावाल्यांनी टीव्हीवर जाहिरात केली, त्यात दुसऱ्या निळीची चेष्टा होती, कुणाचंही नाव घेतलेलं नव्हतं. पण दाखवलेली बाटली रॉबिन ब्लूच्या बाटलीच्या आकाराची होती आणि किंमत 10 रुपये सांगितली होती, आणि ती किंमत नेमकी त्यांचीच. कलकत्ता हायकोर्टात गेलं ते, 1999 मध्ये निकाल लागला आणि ती जाहिरात थांबवली. त्या निकालात जे ढोबळ सूत्र सांगितलं ते आजही कोर्टं धरून चालतात. ते असं की आपला माल जगात भारी म्हणा, दुसऱ्याच्या मालाशी तुलना करा, आमचा का चांगला ते सांगा, पण दुसऱ्याचा माल वाईट आहे असं म्हणून त्याची बदनामी करता येणार नाही. तुमच्या रीलमधली पिवळी पिशवी म्हणजे ती 10 रुपयांची बाटलीच. कोल्हापुरात असा कोण आहे जो ती पिशवी ओळखणार नाही? लोकांना कळावं म्हणूनच तर ब्लर केलीय. नोटीस आली की वकिलाची फी, तारखा, आणि ऐन चटणीच्या सीझनमध्ये पप्पांची झोप जाणार, तेवढ्या पैशात दोन पोती संकेश्वरी मिरची आली असती.

आता काय करायचं ते.

समोरच्यानं तुम्हाला टोमणा मारलाय की तुम्ही अजून डंकावर कुटत बसलाय. तो टोमणा उचल आणि अंगावर मिरव. मला विचारशील तर मी अशी रील करेन. पहिले तीन सेकंद काहीच नाही, नुसता डंकाचा आवाज, धाड धाड धाड, ज्यानं कोल्हापुरात मार्च ते मे काढलाय त्याला तो आवाज ऐकूनच शिंक येते. मग कॅमेरा खलात, मुसळ वर खाली, मिरची फुटतीय, कडेनं एक हात येऊन चटणी आत सारतोय, शेवटी कांदा आणि लसूण पडतोय आणि सुक्या लाल चटणीचा एकदम ओलसर गोळा व्हायला लागतोय, तो क्षण जवळनं घे, तिथंच तोंडाला पाणी सुटतं. डंकावर उभी असलेली मावशी, नाकाला पदर, डोळे लाल, तिला कॅमेऱ्यामागनं विचार, "मावशी, अजून कुटतच बसलाय व्हय?" आणि ती तिच्या शब्दांत जे बोलेल ते ठेव. लिहून देऊ नको तिला. खाली एकच ओळ, "होय, अजून डंकावरच. यायला लागतंय बघायला." बास. पिशवी नाही, रंग नाही, दुसऱ्याचं काहीच नाही. ज्यांनी आधीची रील बघितलीय ते हसतील कारण त्यांना संदर्भ माहितीय, आणि ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी ती एक चांगली चटणीची रील आहे. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे, कारण पोस्ट फिरत फिरत जाते तेव्हा तिच्याबरोबर भांडणाची आधीची गोष्ट जात नाही. पुण्यामुंबईतल्या कुणाला अर्धवट संदर्भानं एक चटणीवाला दुसऱ्याला शिव्या देताना दिसला तर तो दोघांचीही चटणी घेणार नाही.

पण हे करायच्या आधी मला एक खरं खरं सांग. तुमची सगळी चटणी डंकावरच होते का? सगळी? दिवाळीत ऑर्डर वाढल्यावर खोबरं मिक्सरला लागतं का, धने-तीळ कुठल्या पल्व्हरायझरवर दळून येतात का? तसं असेल तर त्यात काही वाईट नाही, पण मग "अजून डंकावरच" असं छातीठोक म्हणू नको, "कांडप डंकावर" एवढंच म्हण, जेवढं खरं तेवढंच. मोठमोठे यात अडकलेत. सॅमसंगनं ॲपलची कितीतरी वेळा चेष्टा केली, तुमच्या फोनला इयरफोनचं भोक नाही म्हणून. 2019 ला सॅमसंगनं स्वतःच्या नोट 10 मधनं तेच भोक काढलं आणि चेष्टेची जुनी जाहिरात गुपचूप काढून टाकावी लागली. बरं एवढ्यावर शहाणं व्हावं की नाही, 2020 ला ॲपलनं बॉक्समध्ये चार्जर देणं बंद केलं तर परत चेष्टा केली, आमच्याकडं मिळतो म्हणून, आणि 2021 च्या सुरुवातीला आलेल्या स्वतःच्या एस 21 ला चार्जर नाही. परत पोस्ट डिलीट. पण लोकांनी स्क्रीनशॉट काढून ठेवलेले. तुमचा धंदा वाढला, दोन वर्षांनी पप्पांनी मोठं मशीन घ्यायचं ठरवलं तर हीच डंकाची रील तुमच्यासमोर येऊन उभी राहणार. म्हणून पप्पांना आधी विचार, पुढची चार-पाच वर्षं डंक सोडायचा विचार नाही ना. चेष्टा नेहमी त्या गोष्टीवर करायची जी आपण बदलणार नाही.

अजून एक, आणि हे मी जरा जड मनानं लिहितीय. बऱ्याच वर्षांपूर्वी दुधाच्या धंद्यातलं एक दुकान माझ्याकडं होतं, पेज मीच बघायचे. त्यांची आणि चौकापलीकडच्या दुकानाची जुनी चढाओढ, लोकांनाही मजा यायची, आठवड्याला एक टोमणा इकडनं एक तिकडनं. एक दिवस सकाळी समोरचं शटर खाली दिसलं. आमच्या मालकांनी फोटो काढून पाठवला आणि म्हणाले टाक काहीतरी भारी. मी लिहिलं, "काही जणांचं दूध आज नासलं वाटतं, आमच्याकडं या." तासाभरात शंभर लाईक. दुपारी कळलं की समोरच्या मालकांची आई पहाटे गेली होती, घरात सुतक होतं. पोस्ट काढली पण ती तोपर्यंत त्या घरातल्या फोनवर पोचली होती. संध्याकाळी आमचे मालक त्यांच्या दारात जाऊन हात जोडून उभे राहिले, मीही गेले, कुणी काही बोललं नाही आम्हाला, पाणी दिलं. ते पाणी माझ्या घशाखाली गेलं नाही. त्यानंतर ती दोन दुकानं परत कधी एकमेकांची चेष्टा करू शकली नाहीत, आणि लोकांना जी गंमत वाटायची ती त्यातच होती, तीही गेली.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतलीय, कुणाच्या मालावर, पद्धतीवर, जाहिरातीवर बोलायचं, पण दुकान बंद का, गर्दी कमी का, माणूस कसा दिसतो, त्याच्या घरात काय चाललंय यावर कधीच नाही. आणि टाकायच्या आधी समोरच्याला एक फोन करून बघायचा की सगळं ठीक आहे ना. तुम्ही एकाच मार्केट यार्डातनं मिरची उचलता, एखाद्या लग्नाच्या पंगतीत समोरासमोर ताट असणार आहे तुमचं. न्यूयॉर्कच्या कुठल्या कंपनीला ही अडचण नसते. तुमच्या पोस्टमध्ये जे लिहिलंय ते त्या पंगतीत त्यांच्या तोंडावर हसत म्हणता येईल का आणि ते हसतील का, एवढं डोळ्यासमोर आण. डंकाची रील तिथं म्हणता येते. रंगपंचमीची नाही.

कमेंटकडं लक्ष ठेव, पहिले चार तास तरी फोन हातातनं सोडू नको. तुमचे चाहते तुमच्यापेक्षा जास्त चढतात. कुणीतरी लिहिणार, "त्यांच्यात तर भुसा असतो", कुणीतरी सांगणार चला त्यांच्या गूगल रेटिंगला एक स्टार देऊया. अशा कमेंट काढून टाक आणि स्वतःची एक कमेंट वर पिन कर, म्हणजे "त्यांची चटणी पण आपल्या कोल्हापूरचीच हाय, भांडू नका, खावा" असलं काहीतरी तुझ्या भाषेत. याला कमीपणा समजू नको. टोमणा मारणाऱ्याच्या मनात राग नाही असं दिसलं की मगच लोक मोकळे हसतात, राग दिसला की हसणं थांबतं आणि बाजू घेणं सुरू होतं, आणि तुमचे निम्मे कस्टमर त्यांचेही कस्टमर आहेत, त्यांना बाजू घ्यायला लावू नको.

आणि या रीलमधनं किती चटणी खपेल याचा हिशोब फार मोठा धरू नको. 2007 ला मुंबईत होर्डिंगचं एक युद्ध झालं होतं, पप्पांना आठवत असेल. जेट एअरवेजनं लावलं, आम्ही बदललो. किंगफिशरनं त्याच्याच वर लावलं, आम्हीच त्यांना बदलायला लावलं. मग गोएअरनं त्याच्याही वर लावलं, आम्ही नाही बदललो. सगळ्या देशानं ते फोटो फॉरवर्ड केले, आजही मार्केटिंगच्या वर्गात दाखवतात. किंगफिशर 2012 ला बंद पडली, जेट 2019 ला, गोएअर 2023 ला. होर्डिंगमुळं बंद पडल्या असं मी म्हणत नाही, पण त्या हशानं त्यांना वाचवलंही नाही. म्हणून रीलखाली लिंक दे, अर्धा किलोचा भाव लिही, पार्सल कुठं कुठं जातं ते लिही, आणि महिन्याभरानं वहीत बघ की नवीन नंबरवरनं किती ऑर्डर आल्या. लाईक मोजू नको.

तिकडनं परत उत्तर आलं तर? चांगलं, मजेशीर आलं तर त्यांच्या रीलखाली जाऊन हसून एक कमेंट टाक, "हे मात्र जमलंय" आणि तिथं थांब. तिसरी रील करायची नाही. वाईट आलं, तुमच्यावरच रंगाचा आरोप आला, तर चेष्टेनं उत्तर देऊ नको, तुमच्या चटणीचा लॅब रिपोर्ट काढलेला असेल तर तो टाक, तारखेसकट. काढलेला नसेल तर या आठवड्यात काढून ठेव, तो तसाही कामाला येतो.

भावाला माझ्यावर रागवू देऊ नको, त्याची शूटिंगची हौस खरी आहे. त्याला सकाळी साडेसातला डंकावर पाठव, नऊनंतर ऊन चढतं आणि मिरचीच्या धुरळ्यात कॅमेऱ्याला काही दिसत नाही. लेन्स पुसायला सुकं फडकं दे आणि डोळ्याला हात लावायचा नाही असं आधीच सांग.